विस्कटलेल्या निरोपातून नंबर, गाव आणि वेळ काढताना

प्रश्न: आमचं लातूरला बोअरच्या मोटारी काढण्या-सोडण्याचं आणि रिवाइंडिंगचं दुकान आहे. रात्री आलेले फोन कॉल सेवेवर रेकॉर्ड होतात आणि सकाळी त्यांचा आपोआप लिहिलेला मजकूर मिळतो. तो पार विस्कटलेला असतो. त्यातून नंबर, पत्ता, वेळ काढायची कशी? आणि कुणाला परत फोन करून विचारायचं, कुणाला नाही, हे ठरवायचं कसं?

उत्तर:

आधी एक गोष्ट बाजूला काढा. प्रत्येक निरोपाबरोबर दोन माहित्या अशा येतात की त्या यंत्राने ऐकून लिहिलेल्या नसतात: फोन कोणत्या नंबरवरून आला आणि किती वाजता आला. या दोन्ही कॉल सेवेच्या नोंदीतून थेट येतात, म्हणून त्याच पक्क्या. बाकी सगळा मजकूर म्हणजे यंत्राला काय ऐकू आलं त्याचा अंदाज आहे. परत फोन करायचा तो नेहमी नोंदीतल्या नंबरवर. मजकुरातून जुळवलेल्या नंबरवर पहिला फोन कधीच लावू नका. एक अंक चुकला तर फोन कुठल्या तरी परक्या माणसाला लागतो, आणि खरा गिऱ्हाईक तिकडे वाट बघत बसतो.

दुसरं म्हणजे मूळ मजकुरात एकही अक्षर दुरुस्त करायचं नाही. तक्त्यात एक रकाना मूळ शब्दांचा ठेवा आणि त्याच्या शेजारी तुमचं वाचन लिहा. सकाळच्या घाईत मजकुरावरच खाडाखोड केली की दुपारी कळत नाही, की ‘९२’ हे यंत्राने लिहिलं होतं की आपण लावलं होतं. तिसरा रकाना खुणेचा. तीन खुणा पुरतात: ‘पक्कं’ म्हणजे नोंदीतून आलेलं किंवा रेकॉर्डिंग ऐकून शंका न उरलेलं, ‘जुळवलेलं’ म्हणजे कारण देऊन लावलेलं, आणि ‘विचारायचं’. जुळवलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे ते कारण चार शब्दांत लिहा. कारण लिहिता येत नसेल तर ते जुळवलेलं नाही, मनाने ठोकलेलं आहे. त्याला ‘विचारायचं’ हीच खूण द्या.

आता एक नमुना घेऊ. निरोप मंगळवारी रात्री ११:४० ला आलेला आहे. नंबरातले मधले अंक इथे मुद्दाम झाकले आहेत.

> हॅलो शिरूर हून बोलतोय मोटार जळाली साडेसात ची आहे तीनशे वीस वर सोडलेली परवा साडेसातला या लाईट रात्रीची आहे चाकू सोडून पुढे या डीपी पाशी आखाडा आहे भावाचा नंबर घ्या बावन्न टेबल साथ ×× ×× सात 3

नंबर

भारतातला मोबाइल नंबर दहा अंकी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. ही एवढी माहितीच तुमचं निम्मं काम करते, कारण मराठीत पन्नाशीचे आणि नव्वदीचे आकडे फोनवर एकमेकांत मिसळतात. बावन्न आणि ब्याण्णव, चौपन्न आणि चौऱ्याण्णव, पंचावन्न आणि पंच्याण्णव, अठ्ठावन्न आणि अठ्ठ्याण्णव. शेवटचा ‘व’ वाऱ्यात गेला की नव्वदीचा आकडा पन्नाशीत उतरतो. नमुन्यातला नंबर ‘बावन्न’ने सुरू होतो. ५ ने मोबाइल नंबर सुरू होत नाही, तेव्हा ते ‘ब्याण्णव’ असावं. पण हा तर्क फक्त पहिल्या जोडीला लागू आहे. मधे किंवा शेवटी ‘बावन्न’ आलं तर ५२ आणि ९२ दोन्ही शक्य आहेत. तिथे रेकॉर्डिंग ऐकून कळलं तर ठीक, नाहीतर विचारायचं.

पुढचं ‘टेबल साथ’ म्हणजे ‘डबल सात’. हे इतक्या वेळा येतं की नवल वाटू नये. ‘डबल’चं टेबल होतं, केबल होतं, आणि पुष्कळदा पूर्ण गळूनच पडतं. म्हणून अंक मोजायचे. इथे ९२, ७७, झाकलेल्या दोन जोड्या, मग ७ आणि ३, असे बरोबर दहा होतात. शेवटचा ‘सात’ खरं तर ‘साठ’ असता तर ६, ०, ३ धरून अकरा झाले असते. म्हणजे मोजणीने ‘साठ’ बाद झाला. मोजणीचा उपयोग असा पर्याय बाद करण्यासाठी करायचा. नवीन अंक जन्माला घालण्यासाठी नाही. नऊच अंक निघाले तर बहुधा एखादं ‘डबल’ गळालेलं असतं, पण ते कोणत्या अंकाचं हे मजकुरावरून सांगता येत नाही. तिथे ‘९ अंक, डबल गळालं?’ असं लिहून थांबा.

अकरा निघाले तर सुरुवातीला शून्य आहे का बघा. बारा निघाले आणि सुरुवात ९१ ने असेल तर ते देशाचं कोड आहे, ते काढून टाका. दहाच अंक असून सुरुवात ९१ ने असेल तर त्याला हात लावू नका, तसे मोबाइल नंबर असतात. लँडलाइन अजून काही दुकानांची आणि संस्थांची असते. लातूरचं कोड ०२३८२ आणि पुढे सहा अंक. इथे एक गोंधळ होतो: पिन कोडही सहाच अंकी असतो. लातूर शहराचा पिन ४१३५१२ आहे, आसपासचेही ४१३ ने सुरू होतात. तेव्हा सहा अंकांची रांग ४१३ ने सुरू झाली तर ती आधी पिन समजा.

आपल्याकडे नंबर एका भाषेत सांगितला जाईल याची खात्री नसते. पहिले चार अंक मराठीत, मधले हिंदीत, शेवटचे इंग्रजीत, हे नेहमीचं आहे. हिंदी आकडा आला की विशेष सावध राहा. हिंदीत ‘नवासी’ म्हणजे ८९ आणि ‘उनासी’ म्हणजे ७९. फोनवर या दोन्हींत फरक जवळजवळ उरत नाही. मराठीतही ‘एकोण’वाले आकडे यंत्र फोडतं: ‘एकोणसाठ’चं ‘एक 60’ होतं, मग दोन अंकांचे तीन अंक होतात आणि मोजणी एकाने वाढते. नंबर अकरा अंकी निघाला आणि त्यात ‘एक 60’, ‘एक 70’ असं काही दिसलं तर तिथेच बोट ठेवून रेकॉर्डिंग ऐका. ‘शे’चाही असाच त्रास. ‘सातशे वीस’ म्हणजे ७२०, पण काही जण ७००-२० असं मनात धरून बोलतात. दहाची मोजणी कोणत्या वाचनाने जुळते ते पाहा. दोन्हींनी जुळत नसेल तर विचारायचं.

रेकॉर्डिंग पूर्ण ऐकत बसायची गरज नाही. शंकेच्या जागी दहा सेकंद मागे जाऊन ऐका. कानात घालायचे इअरफोन वापरा, मोबाइलच्या स्पीकरवर नको. वेग कमी करता येत असेल तर पाऊण पटीवर ठेवा, त्याहून कमी केला की अक्षरं उलट ताणली जातात. दोनदा ऐकूनही एकच वाचन निघालं नाही तर तिसऱ्यांदा ऐकू नका. साधी फोन लाइन ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज पुढे नेते. ‘स’ आणि ‘श’, ‘त’ आणि ‘ठ’ यांचा फरक ज्या बारीक आवाजात असतो त्यातला बराचसा त्या पट्ट्याच्या बाहेर असतो. जे रेकॉर्ड झालेलंच नाही ते दहा वेळा ऐकून मिळणार नाही. उलट तिसऱ्यांदा ऐकताना कान आपल्याला हवं तेच ऐकायला लागतो.

नंबरांचा रकाना तक्त्यात ‘टेक्स्ट’ ठेवा, नाहीतर लँडलाइनच्या पुढचं शून्य गायब होतं. मोबाइल तपासायला एवढं सूत्र पुरतं, फक्त आकडे इंग्रजी अंकांत भरा:

```
=AND(LEN(E2)=10, VALUE(LEFT(E2,1))>=6)
```

हे सूत्र ‘बरोबर’ म्हणालं याचा अर्थ नंबर शक्य आहे एवढाच. नमुन्यातला नंबर या चाळणीतून पार होईल, तरी त्याला खूण ‘जुळवलेलं’चीच. निरोपात सांगितलेला नंबर आणि नोंदीतला नंबर एकच निघाला असता तर तो लगेच ‘पक्कं’ झाला असता. इथे भावाचा नंबर दिलाय, म्हणजे तो वेगळा असणारच. पडताळायला दुसरं काही हाताशी नाही.

गाव

खरा पैसा इथे जातो. नंबर चुकला तर एक फोन वाया जातो, गाव चुकलं तर चेनपुली आणि माणसं घेऊन गेलेली गाडी वाया जाते.

‘शिरूर’ एवढ्यावर गाडी काढणं शक्यच नाही. लातूर जिल्ह्यातच शिरूर अनंतपाळ हा तालुका आहे आणि अहमदपूर तालुक्यात शिरूर ताजबंद आहे. एक निलंगा-देवणीच्या बाजूला, दुसरं नांदेड रस्त्याला. वर बीड जिल्ह्यात शिरूर कासार. माणूस आपल्या गावाचं नाव सांगताना दुसरा भाग सोडून देतो, कारण त्याच्या पंचक्रोशीत शिरूर एकच असतं. जळकोटचंही तेच: एक जळकोट लातूर जिल्ह्यातला तालुका, दुसरं तुळजापूर तालुक्यातलं. बोरगाव, पिंपळगाव, वडगाव, टाकळी, सावरगाव यांची तर गणतीच नको, त्यात खुर्द-बुद्रुक आहेतच. अशी दुहेरी नावं एका कागदावर लिहून टेबलाशी चिकटवा. त्यातलं नाव तालुक्याशिवाय आलं की खूण आपोआप ‘विचारायचं’.

नमुन्यात एक धागा आहे: ‘चाकू सोडून पुढे या’. वाक्यात चाकूचं काही काम नाही. यंत्राला ‘चाकूर’ माहीत नव्हतं, म्हणून जवळचा माहितीतला शब्द बसवला. औशाचं ‘ऐसा’ होतं ते याच कारणाने, आणि धाराशिव जिल्ह्यातलं वाशी नवी मुंबईचं असल्यासारखं दिसतं तेही याच कारणाने. यंत्र अनोळखी गाव कधीच कोरं सोडत नाही, त्या जागी ओळखीचा शब्द ठेवतं. त्यामुळे वाक्यात न शोभणारा शब्द दिसला की तिथे गावाचं नाव दडलंय असं धरून तो मोठ्याने वाचा. पुष्कळदा तोंडातून खरं नाव आपोआप निघतं.

चाकूर लातूरहून नांदेडला जाताना लागतं, आणि त्याच रस्त्याने पुढे शिरूर ताजबंद आहे. म्हणजे ‘चाकूर सोडून पुढे’ हे ताजबंदलाच लागू पडतं. तर्क चांगला आहे, पण तो एका अंदाजावर दुसरा अंदाज ठेवून उभा आहे. म्हणून तक्त्यात ‘शिरूर ताजबंद — चाकूवरून’ असं लिहायचं आणि खूण तरीही ‘विचारायचं’ द्यायची. गाडी निघण्याआधी ज्याची खात्री हवी, तिथे तर्क कितीही छान असला तरी त्याला ‘जुळवलेलं’वर सोडून देऊ नये.

‘डीपी पाशी आखाडा’ हे तसंच राहू द्या. गट नंबर, डीपी, पाझर तलाव, वस्तीचं नाव असल्या खुणा गावात पोचल्यावर कामाला येतात. त्या फोनवर पडताळत बसण्यात अर्थ नाही, पोचल्यावर माणूस रस्त्यावर येऊन उभा राहतोच. फक्त गट नंबर तीन-चार अंकी असतो आणि नंबराच्या शेजारी सांगितला गेला तर यंत्र तो फोन नंबरालाच चिकटवतं. तेरा-चौदा अंकांची रांग दिसली तर आधी ‘गट’ हा शब्द शोधा.

वेळ

तुमच्या धंद्यात वेळेचा खरा घोळ मोटारीमुळे होतो. नमुन्यात ‘साडेसात’ दोनदा आलंय. पहिलं अश्वशक्तीचं, दुसरं घड्याळाचं. साडेसातची मोटार, साडेबाराची मोटार, पाचची, दहाची, या सगळ्या संख्या वेळ म्हणूनही चालतात. ओळखायचं ते मागच्या प्रत्ययावरून: ‘-ची’ लागलं की मोटार, ‘-ला’ लागलं की वेळ, ‘-वर’ लागलं की फूट. यंत्र प्रत्यय तोडून लांब ठेवतं (‘साडेसात ची’), कधी गाळतंही. प्रत्यय गळालेला असेल आणि आकडा साडेसात किंवा साडेबारा असेल तर तो कशाचा हे ठरवू नका. उलटी चूक झाली तर माणसं चुकीच्या वेळी जातात आणि सोबत चुकीचं सामानही नेतात. ‘-ला’चीही एक खोड आहे: ‘आठला या’ म्हणजे आठ वाजता की आठ तारखेला? जवळपास ‘सकाळी’, ‘वाजता’, वार, असं काहीच नसेल तर विचारायचं.

पाव-पाऊण तासाचे शब्द नेहमी मोडतात. ‘पावणे आठ’चं ‘पाहुणे आठ’ होतं, ‘सव्वा’चं ‘सवा’ किंवा ‘सब’. ‘सात-आठ वाजता’ हे ‘78 वाजता’ असं येतं आणि ‘दहा-बारा’ चक्क ‘10:12’ असं घड्याळासारखं छापलं जातं. निरोप ठेवणारा माणूस दहा वाजून बारा मिनिटं असं सांगत नसतो. मिनिटांच्या जागी ००, १५, ३०, ४५ सोडून दुसरं काही दिसलं की ती ‘अमुक ते तमुक’ अशी मुदत समजा. माझं मत असं, की पंधरा मिनिटांच्या फरकासाठी फोन करू नये. सव्वाआठ की आठ याने शेतावर काही बिघडत नाही. दीड की अडीच याने मात्र बिघडतं, कारण त्यावर त्या दिवसाचं पुढचं काम ठरतं.

‘परवा’ हा शब्द निरोपाच्या वेळेपासून मोजायचा, तुम्ही मजकूर वाचला तेव्हापासून नाही. मंगळवारी रात्री ११:४० चा परवा म्हणजे गुरुवार. हाच निरोप बुधवारी १२:२० ला, मध्यरात्र उलटल्यावर आला असता तर बोलणाऱ्याच्या मनात अजून मंगळवारच असणार. म्हणून रात्री बारा ते पहाटे चार या वेळेतल्या निरोपातले ‘उद्या’ आणि ‘परवा’ सरसकट ‘विचारायचं’मध्ये टाका. शिवाय परवा मागचाही असतो. ‘परवा जळाली’ आणि ‘परवा या’ यांतलं क्रियापद पाहूनच दिवस लिहा.

आता ‘साडेसात’ सकाळचे की संध्याकाळचे? मजकुरात ‘लाईट रात्रीची आहे’ असं आहे. थ्री फेज रात्रीच्या पाळीत असेल तर सकाळी मोटार वर काढता येईल, पण नवी सोडून चालवून बघता येणार नाही. गिऱ्हाइकाने कदाचित हाच विचार करून संध्याकाळ सांगितली असेल, किंवा सकाळ सांगून लाईटची अडचण तुमच्या कानावर घातली असेल. मजकूर दोन्हीकडे वळतो. म्हणून खूण ‘विचारायचं’.

परत फोन

नमुन्यातून विचारायचे तीन मुद्दे निघाले: कोणतं शिरूर, साडेसात सकाळचे की संध्याकाळचे, आणि भावाचा नंबर. क्रमही हाच ठेवा. फोन मधेच तुटला तर निदान गाव हाती लागलेलं असतं. मोटार किती अश्वशक्तीची हे ‘-ची’मुळे स्पष्ट आहे, ३२० फुटांचंही तसंच. ते ‘जुळवलेलं’ राहील आणि बोलण्याच्या ओघात निघालं तर पक्कं होईल.

विचारताना उत्तर तोंडात घालू नका. ‘शिरूर ताजबंद ना?’ म्हटलं की समोरून ‘हो हो’ येतं, कारण त्याला काम लवकर व्हायला हवंय आणि फोनवर वारा आहे. ‘शिरूर कोणतं, तालुका कोणता?’ असं विचारा, म्हणजे नाव त्यानेच उच्चारलं. नंबरही आपण वाचून दाखवायचा नाही. ‘भावाचा नंबर एकेक आकडा सांगा, डबल म्हणू नका’ असं सांगून लिहून घ्या आणि नंतर तुमच्या जुळवलेल्याशी ताडून बघा. दोन्ही जुळले तर पक्कं. एखादा अंक वेगळा निघाला तर त्याने आत्ता सांगितलेला धरा, पण तो एकच अंक पुन्हा विचारा.

सकाळी पंधरा-वीस निरोप असतील तर फोनाचा क्रम आलेल्या वेळेवरून लावू नका. ज्या गावाला आज गाडी जाणार आहे आणि ज्याच्या गावापुढे ‘विचारायचं’ आहे, तो पहिला. त्यानंतर उद्याचे. ज्यांच्यात फक्त दुसरा नंबर शंकेचा आहे ते शेवटी, किंवा माणूस दुकानात आला की विचारून घ्या.

फोन उचलला नाही तर नोंदीतल्याच नंबरवर एक साधा संदेश पाठवा, त्यातही प्रश्न मोकळा ठेवून: ‘काल रात्री मोटारीसाठी निरोप मिळाला. गावाचं पूर्ण नाव आणि तालुका, थ्री फेज कधी असते, आणि कोणत्या वारी किती वाजता यायचं ते कळवा.’ उत्तर येईपर्यंत गाडीच्या यादीत ते नाव पेन्सिलीने राहू द्या.